भिशी मधेच सोडली तर भरलेले हप्ते किती आणि कधी परत मिळतात?

प्रश्न: आमची १२ जणींची चिठ्ठीची भिशी आहे, महिना ५,००० रुपये, जानेवारी ते डिसेंबर. मी मेपर्यंत पाच हप्ते भरलेत, अजून माझी भिशी लागलेली नाही. घरच्या अडचणीमुळे जूनपासून भरणं जमणार नाही. भिशीवाल्या काकू म्हणतात, पैसे आत्ता मिळणार नाहीत, डिसेंबरमध्ये बघू, आणि एक हप्ता कापला जाईल. माझे २५,००० आत्ता मागणं चुकीचं आहे का?

उत्तर:

ताई, मागणं चुकीचं नाही. पण ते पैसे आज कुठे आहेत हे आधी बघा, म्हणजे काकूंचं कोणतं म्हणणं बरोबर आणि कोणतं नाही, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

तुमचे २५,००० काकूंच्या कपाटात नाहीत. भिशीत पैसा साठत नाही. ज्या दिवशी हप्ते गोळा होतात त्याच दिवशी ६०,००० उचलून कुणीतरी घरी जातं. जानेवारी ते मे पाच जणींनी भिशी उचलली आणि त्या प्रत्येकीच्या ६०,००० मध्ये तुमचे ५,००० होते. म्हणजे पाच जणींकडे तुमचे पाच-पाच हजार आहेत. तुमची भिशी लागली असती, तर त्या महिन्याला त्यांनी आपापला हप्ता भरून ते फेडले असते. तुम्ही मधेच सोडलीत तरी त्यांचं हे देणं संपत नाही. काकू या पैशांच्या मालक नाहीत, ते वसूल करून तुमच्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी त्यांची आहे. बऱ्याच ठिकाणी पहिली भिशी चालकाची असते. तुमच्याकडेही तसं असेल, तर त्या पाच जणींत काकू स्वतःही आल्या.

आता नेहमी होते ती चूक. एक जण गेली, अकरा राहिल्या, की कुणीतरी म्हणतं, ‘मग अकरा महिन्यांतच संपवू या.’ ऐकायला सरळ वाटतं. पण हिशेब करून बघा. जून ते नोव्हेंबर सहा महिने, दर महिन्याला अकरा जणींचे ५५,०००, आणि उरलेल्या सहा जणींना ते एकेक करून मिळाले. या सहा जणींनी अकरा हप्ते, म्हणजे ५५,००० भरले आणि ५५,०००च घेतले. त्यांचं बरोबर झालं. पहिल्या पाच जणींनी मात्र ६०,००० घेतले आणि भरले ५५,०००. प्रत्येकीचे ५,००० वाचले, पाच जणींचे मिळून २५,०००. हेच तुमचे पैसे. कुणी मुद्दाम घेतले नाहीत, कुणाच्या लक्षातही आलं नाही, पण भिशी ‘संपली’ आणि तुम्हाला द्यायला काहीच उरलं नाही. त्यामुळे सोडताना पहिली गोष्ट हीच पक्की करा, की भिशी ठरल्याप्रमाणे बाराव्या महिन्यापर्यंत चालणार.

हा हिशेब कुठल्याही महिन्याला जुळतो. तीन हप्ते भरून कुणी सोडलं, तर तोवर तिघींनी उचललेली असते आणि तिघींचा एकेक हप्ता जादा देणं असतो. आठ भरून सोडलं तर आठ जणींचा. सोडणारीने जेवढं भरलं, बरोब्बर तेवढंच येणं निघतं. म्हणून ‘तुमच्यामुळे भिशीला तोटा झाला’ असं कुणी म्हटलं, तर चिठ्ठीच्या भिशीत एकूण रकमेचा तोटा होतच नाही. अडचण होते ती फक्त वेळेची. दर महिन्याला ५,००० कमी जमतात.

ही वेळेची अडचण सोडवायचा सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे तुमच्या जागी बदली सभासद. ती तुम्हाला २५,००० देते, जूनपासून तुमच्या नावचा हप्ता भरते आणि तुमची चिठ्ठी तिच्या नावाची होते. बाकी कुणाचा एक रुपयाही हलत नाही. तिच्या दृष्टीनेही जागा वाईट नाही. भिशी उचलायला सातच महिने उरलेत आणि सातांपैकी एक चिठ्ठी तिची आहे.

तिच्याकडे २५,००० एकदम नसतील तर महिन्याला १०,००० भरू द्या, ५,००० भिशीला आणि ५,००० तुम्हाला. म्हणजे जून ते ऑक्टोबर पाच महिन्यांत तुमचे पैसे पूर्ण होतील. मात्र एक अट आधीच बोलून ठेवा. मधेच तिची भिशी लागली, तर तुमची बाकी तिच्या रकमेतून आधी वळती करायची. समजा ऑगस्टला तिची चिठ्ठी निघाली. तोवर तुम्हाला १५,००० मिळालेले असतील. काकूंनी त्या ६०,००० मधून १०,००० काढून तुम्हाला द्यायचे आणि तिच्या हातात ५०,००० द्यायचे. ही अट ठरली नसेल, तर भिशी हातात पडल्यावर जुनी बाकी मागत फिरायची वेळ येते.

बदली माणसाला इतर अकरा जणींची संमती हवी, आणि ती नुसती रीत म्हणून नव्हे. ती उद्या ६०,००० उचलून हप्ते थांबवेल का, ही जोखीम त्या सगळ्या घेणार आहेत. म्हणून ओळखीतलीच, कुणीतरी जिची हमी घेईल अशी बाई बघा. गटातल्याच एखादीने तुमची जागा स्वतःचं दुसरं नाव म्हणून घेतली तर ओळखीचा प्रश्न मिटतो. पण दोन्ही भिश्या उचलल्यावर तिला दरमहा १०,००० भरत राहावे लागतील, तेवढी तिची कुवत आहे का हे काकूंनी तपासायला हवं.

बदली मिळालीच नाही, तर खरा प्रश्न येतो. आत्ता की डिसेंबरमध्ये? काकूंची बाजू आधी सांगते, कारण त्यांचं ‘आत्ता नाही’ हे बहुतेक वेळा लबाडीचं नसतं. जूनपासून ५५,०००च जमणार. भिशी लागलेलीला पूर्ण ६०,००० द्यायचे तर काकूंना दर महिन्याला ५,००० पदरचे घालावे लागतील. नोव्हेंबरपर्यंत त्यांचे ३०,००० अडकतील. डिसेंबरला ५५,००० जमतील, त्यातून त्यांचे ३०,००० सुटतील आणि २५,००० तुमचे. या पद्धतीत तुमचे पैसे खरोखरच डिसेंबरशिवाय मोकळे होत नाहीत. त्यात काकूंनी तुम्हाला जूनमध्येच खिशातून २५,००० दिले, तर वर्षअखेरपर्यंत त्यांचे ५५,००० बिनव्याजी गुंतून पडतील. एवढा भार चालकावर टाकणं मला योग्य वाटत नाही.

पण त्यांच्या खिशाला हात न लावता आत्ता पैसे द्यायची रीत आहे, आणि ती फार थोड्या चालकांच्या लक्षात येते. जूनचा महिना तुमच्या नावावर धरायचा. जूनला अकरा जणींचे ५५,००० जमतात. त्यातले २५,००० तुम्हाला द्यायचे आणि ३०,००० राखून ठेवायचे. जुलै ते डिसेंबर हे सहा महिने, भिशी न लागलेल्या सहा जणी. दर महिन्याच्या ५५,००० मध्ये राखलेल्यातले ५,००० घातले की प्रत्येकीला पूर्ण ६०,००० मिळतात. डिसेंबरला राखीव पैसा शून्य होतो आणि काकूंना कुठेही पदरचं घालावं लागत नाही.

यात बाकीच्या सहा जणींचं एवढंच जातं, की जूनची भिशी आपल्याला लागण्याची संधी त्यांना मिळत नाही. रक्कम कुणाचीच कमी होत नाही. जूनला तुमचीच चिठ्ठी निघाली असती तरी त्यांना जुलैपासूनच मिळालं असतं. म्हणून ही रीत त्या सहा जणींना विचारूनच करा. त्यातल्या एखादीला जूनमध्ये पैशाची निकड असेल, तर तिचं म्हणणंही तुमच्याइतकंच खरं आहे. आणि राखलेले ३०,००० घरखर्चाच्या पैशांत मिसळू नयेत, म्हणून काकूंनी ते बँकेत टाकून गटाच्या ग्रुपवर तसं लिहावं. ही रीत फसते ती इथेच. ऑक्टोबरपर्यंत राखीव पैसा खर्च झालेला असतो आणि शेवटच्या दोघींना कमी मिळतात.

सगळ्याच जणी ‘जून आम्हाला हवा’ म्हणाल्या, तर मला सगळ्यात न्याय्य वाटते ती मधली वाट घ्या. तुमची चिठ्ठी डब्यातच राहू द्या, फक्त तिच्यावर नावाखाली ‘परत २५,०००’ असं लिहा. ज्या महिन्याला ती निघेल त्या महिन्याला तुमचा हिशेब होईल. समजा सप्टेंबरला निघाली. जून, जुलै, ऑगस्टच्या तिघींना ५५-५५ हजार मिळालेले असतील, प्रत्येकीचे ५,००० बाकी असतील. सप्टेंबरच्या ५५,००० मधून २५,००० तुम्हाला, १५,००० त्या तिघींची बाकी आणि उरलेले १५,००० ऑक्टोबर ते डिसेंबरच्या भिश्यांत भर घालायला. दमडीन् दमडी जुळते. चिठ्ठीवर असं लिहायचं राहिलं, तर ती निघाल्यावर ‘या तर सोडून गेल्या’ म्हणून पुन्हा डब्यात टाकली जाते. मग तुमची पाळी कधीच येत नाही.

आता एक हप्ता कापण्याचं. भिशी सुरू होतानाच असा नियम सगळ्यांना सांगितला होता का, हे पहिलं. सांगितला नसेल, तर आज तो लावता येत नाही. सांगितला असेल, तर थोडी कपात मान्य करावी असं माझं मत आहे, कारण मधेच सोडल्याने धावपळ होतेच. पण ‘एक हप्ता’ हे माप चुकीचं आहे. पहिल्याच महिन्यानंतर सोडणारीचं सगळंच जातं. तुमच्या बाबतीत २५,००० चे ५,००० म्हणजे २० टक्के जातात. अकरा हप्ते भरलेलीचे जेमतेम ९ टक्के. गैरसोय तीच, दंड मात्र वेगवेगळा. कायदाही साधारण याच बाजूचा आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला, तरी तो वरची मर्यादा ठरतो आणि त्याच्या आत वाजवी भरपाईच मिळते. बदली सभासद आणून दिली असेल, तर कापण्यासारखं नुकसान उरतच नाही. काही कापलंच, तर ते कुणाला मिळणार हे विचारा. गैरसोय भिशी न लागलेल्या सहा जणींची झाली, तर कपातही त्यांच्यात वाटली जावी. ती काकूंकडे राहावी याला माझ्या दृष्टीने आधार नाही, अपवाद फक्त त्यांनी दर महिन्याला पदरचे ५,००० घातले असतील तर.

इथे काही गोष्टी तुमच्या भिशीच्या प्रकारावर अवलंबून आहेत. वरचं सगळं चिठ्ठीच्या भिशीचं आहे. बोलीच्या, म्हणजे लिलावाच्या भिशीत जो जास्त रक्कम सोडायला तयार असतो तो उचलतो आणि सोडलेली रक्कम सगळ्यांत वाटली जाते. ६०,००० ची भिशी कुणी १२,००० सोडून उचलली, तर त्या महिन्याला प्रत्येकीला ५,००० ऐवजी ४,०००च भरावे लागतात. अशा भिशीत सोडताना ‘पाच महिने गुणिले ५,०००’ असं मागता येत नाही. वहीत तुमच्या नावापुढे प्रत्यक्ष भरलेले जे आकडे आहेत, त्यांची बेरीज हेच तुमचं येणं. पाच महिन्यांत हप्ते कमी बसून तुम्ही २१,०००च भरले असतील, तर २१,००० मिळतील.

आणि ज्यांची भिशी आधीच लागली आहे, त्यांच्यासाठी ‘सोडणं’ असा प्रकारच नाही. तुम्ही मार्चला ६०,००० उचलले असते आणि मेपर्यंत २५,००० भरले असते, तर तुम्ही ३५,००० देणं लागता, पुढचे सातही हप्ते. गाव सोडायचं असेल तर ते एकदम भरून मोकळं व्हायचं, नाहीतर तेवढ्याची हमी देणारा माणूस उभा करायचा. इथे बदली सभासद मिळत नाही, कारण उचलायला काही शिल्लकच नसतं.

तुमची भिशी घरगुती आहे असं धरून मी लिहितेय. नोंदणी केलेल्या चिट फंडाला १९८२ चा चिट फंड कायदा लागतो आणि तिथे सगळं लेखी करारावर चालतं. भिशी न लागलेल्या सभासदाने हप्ते थांबवले, तर कंपनी त्याचं नाव काढून लेखी कळवते, जागी दुसरा घेते आणि नव्याकडून येणाऱ्या पैशांतून जुन्याचं देणं बँकेत वेगळं ठेवते. करारात लिहिलेली वजावट करून ते त्याला मिळतं. बघा, तिथेही बदली सभासदाचाच मार्ग धरलाय. चालकाचं कमिशन तिथे चिटच्या रकमेच्या ७ टक्क्यांवर जाऊ शकत नाही, २०१९ च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा ५ टक्के होती. घरगुती भिशीत असा करार नसतो. म्हणून वाद झालाच तर तुमच्या हातातला कागदच कामाला येतो.

तो कागद आत्ताच तयार करा, बोलणी गोड आहेत तोवर. काकूंच्या वहीतल्या तुमच्या ओळीचा फोटो घ्या. हप्ते यूपीआयने दिले असतील, तर पाचही व्यवहारांचे स्क्रीनशॉट काढा. रोख दिले असतील, तर फोटोत तारीख आणि बरोबरच्या खुणा स्पष्ट दिसू द्या. जानेवारी ते मे भिशी कुणाकुणाला लागली ती पाच नावंही लिहून ठेवा, कारण तुमचं येणं त्यांच्याकडून आहे. मग जूनच्या हप्त्याच्या आधी काकूंना प्रत्यक्ष भेटा. न सांगता हप्ता चुकवलात तर तुम्ही ‘सोडणारी’ न राहता ‘बुडवणारी’ ठरता, आणि पुढची सगळी बोलणी तिथूनच सुरू होतात. भेटून जे ठरेल ते त्याच दिवशी त्यांना मेसेजवर पाठवा. मजकूर असा असू द्या:

‘काकू, आज ठरल्याप्रमाणे मी जूनपासून भिशीतून बाहेर पडतेय. जानेवारी ते मे माझे पाच हप्ते, एकूण २५,००० रुपये, जमा आहेत. माझी भिशी लागलेली नाही. बदली सभासद मिळाली तर तिच्याकडून, नाही तर जूनच्या जमेतून मला २५,००० मिळतील. यापैकी काहीच जमलं नाही, तर ज्या पाच जणींनी मेपर्यंत भिशी उचलली आहे त्यांच्या डिसेंबरच्या हप्त्यातून मिळतील. भिशी डिसेंबरपर्यंत चालेल. बरोबर असेल तर हो कळवा.’

त्यावर काकूंचा ‘हो’ आला की तो मेसेज जपून ठेवा. असं लेखी मान्य केलेलं देणं वसूल करायला त्या मान्यतेपासून साधारण तीन वर्षांची मुदत मिळते. उत्तर आलं नाही, तर दोन दिवसांनी तोच मजकूर भिशीच्या ग्रुपवर टाका, शब्द न बदलता. मेपर्यंत उचललेल्या पाच जणींनी तो वाचलेला असणं महत्त्वाचं आहे, कारण नोव्हेंबरमध्ये कुणी ‘संपवू या’ म्हटलं, तर डिसेंबरचा हप्ता कुणाचा आहे हे त्यांना आधीच माहीत असेल.